डिफरन्स ड्युटीचा आकडा देताना त्याचा हिशोबही द्या: केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ, नवी दिल्ली

विषय: माल सुटल्यानंतर मागितल्या जाणाऱ्या फरकाच्या शुल्काचा हिशोब टप्प्याटप्प्याने दाखवणे आणि त्यातला आयजीएसटी बिल ऑफ एंट्रीवर आणणे

महोदय, महोदया,

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या लहान कारखान्यांचे आयातीचे हिशोब मी पाहतो. हे कारखानदार वर्षाकाठी मोजक्याच वेळा बाहेरून माल आणतात. कुणी स्पिंडल आणतो, कुणी सीएनसीचे सुटे भाग. त्यांच्याकडे आयातीचा वेगळा विभाग नसतो. कस्टम ब्रोकर बिल ऑफ एंट्री भरतो, ड्युटी भरली जाते, माल येतो आणि विषय संपतो. पुढे वर्ष-दीड वर्षाने ऑडिटचे पत्र येते: आपण अमुक खर्च मूल्यात धरलेला नाही, सबब फरकाचे शुल्क अमुक रुपये व्याजासह भरावे. पत्रात कलमे असतात, नियम असतात आणि शेवटी एक आकडा असतो. तो आकडा कसा आला, हे मात्र बहुतेक पत्रांत नसते. माझी तक्रार एवढ्याच एका गोष्टीची आहे, पण तिच्यामुळे लहान माणसाचे जे नुकसान होते ते आपल्यापर्यंत पोचत नसावे, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या काळात हाताळलेले एक प्रकरण घेतो. कार्यालयाचे आणि कारखान्याचे नाव देत नाही, आणि हिशोब डोळ्यांसमोर राहावा म्हणून रकमा सरळ करून घेतल्या आहेत. चूक कारखान्याची होती, हे आधीच सांगतो. परदेशी विक्रेत्याचे बिल एक्स-वर्क्स होते, म्हणजे किंमत त्याच्या कारखान्याच्या दारातली. तिथून बंदरापर्यंतची वाहतूक आणि तिथले हाताळणीचे पैसे आमच्या कारखान्याने फॉरवर्डरला वेगळे दिले होते. बिल ऑफ एंट्रीत मात्र बिलाची रक्कम एफओबी म्हणून, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा सगळा खर्च धरलेली किंमत म्हणून, गेली. ब्रोकरला फॉरवर्डरचे ते दुसरे बिल कुणी दाखवलेच नव्हते. लहान आयातदारांकडे ही चूक नेहमी होते, कारण दोन बिले दोन वेगळ्या महिन्यांत येतात आणि दोन वेगळ्या फायलींत लागतात.

भरलेला हिशोब असा होता. एफओबी म्हणून धरलेली किंमत 8,00,000 रुपये. समुद्रमार्गे भाडे 91,000, त्याची पावती होती. विम्याची पावती नव्हती, म्हणून 2007 च्या मूल्यनिर्धारण नियमांतल्या नियम 10 प्रमाणे एफओबीच्या 1.125 टक्के, म्हणजे 9,000. तिन्हींची बेरीज, म्हणजे ज्यावर शुल्क लागते ती असेसेबल व्हॅल्यू, 9,00,000. मालाला बेसिक ड्युटी साडेसात टक्के, म्हणजे 67,500. सोशल वेल्फेअर सरचार्ज या ड्युटीच्या दहा टक्के, म्हणजे 6,750. आयजीएसटीसाठी ही तिन्ही एकत्र करायची, ती होतात 9,74,250, आणि त्यावर 18 टक्के म्हणजे 1,75,365. एकूण भरणा 2,49,615 रुपये.

ऑडिटने एक्स-वर्क्सची बाब पकडली. बंदरापर्यंतचा खर्च 40,000 रुपये होता आणि तो मूल्यात यायलाच हवा, याबद्दल वाद नव्हता. पत्रातली मागणी होती 15,460 रुपये, अधिक व्याज.

मी एवढेच केले की मागणीच्या रकमेला मूल्यातल्या फरकाने भागले. 15,460 भागिले 40,000 म्हणजे 38.65 टक्के. साडेसात, दहा आणि अठरा हे दर कायद्याप्रमाणे एकावर एक चढवले तर एकूण बोजा 27.735 टक्के होतो: बेसिक 7.5, सरचार्ज 0.75, आणि 108.25 वर 18 टक्के म्हणजे 19.485. मग 38.65 आले कुठून? त्यात 100 मिळवून 1.18 ने भागले की 117.5 येतात. म्हणजे आयजीएसटीच्या आधी मूल्यावर साडेसतरा टक्के चढवले गेले होते, साडेसात आणि दहा. सरचार्ज ड्युटीवर काढायचा होता, तो मूल्यावर काढला गेला. 2018 च्या वित्त कायद्याचे कलम 110 सरळ सांगते की हा सरचार्ज सीमाशुल्काच्या रकमेवर लागतो. एक्सेलमध्ये सूत्र एक रकाना अलीकडे सरकले की असे होते, यापेक्षा वेगळे काही मला त्यात दिसत नाही. संबंधित अधिकाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. भेटीत त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

पण त्या पत्रात उलट बाजूचीही एक चूक होती आणि तीही मी त्यांना दाखवली. विमा एफओबीच्या टक्केवारीवर धरलेला होता. एफओबी 8,00,000 वरून 8,40,000 झाली, म्हणजे विमाही 9,000 वरून 9,450 झाला. मूल्यातला खरा फरक 40,000 नाही, 40,450 आहे. हे साडेचारशे रुपये पत्रात राहून गेले होते. या हिशोबात पायात पडलेला फरक पुढच्या प्रत्येक टप्प्यावर चढत जातो, म्हणून पायाशी साडेचारशे रुपयेही सोडता येत नाहीत. माल विमानाने आला असता तर आणखी एक गोष्ट बघावी लागली असती. हवाई भाडे प्रत्यक्षात कितीही असले तरी मूल्यात एफओबीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. भाडे त्या मर्यादेला टेकलेले असेल तर एफओबी वाढताच मर्यादाही वर सरकते आणि भाड्याचा जो भाग आधी वगळला होता त्यातला काही परत मूल्यात येतो. फॉरवर्डरच्या बिलातली रक्कम असेसेबल व्हॅल्यूत नुसती मिळवून भागत नाही. हिशोब पुन्हा एफओबीपासून मांडावा लागतो.

तो मांडला तर असा दिसतो. प्रत्येक पत्रात मला हाच तक्ता हवा आहे:

| टप्पा | बिल ऑफ एंट्रीप्रमाणे | फेरहिशोबाप्रमाणे | फरक |
|---|---|---|---|
| एफओबी | 8,00,000 | 8,40,000 | 40,000 |
| भाडे | 91,000 | 91,000 | 0 |
| विमा (1.125%) | 9,000 | 9,450 | 450 |
| असेसेबल व्हॅल्यू | 9,00,000 | 9,40,450 | 40,450 |
| बेसिक ड्युटी (7.5%) | 67,500 | 70,534 | 3,034 |
| सरचार्ज (ड्युटीच्या 10%) | 6,750 | 7,053 | 303 |
| आयजीएसटीचा पाया | 9,74,250 | 10,18,037 | 43,787 |
| आयजीएसटी (18%) | 1,75,365 | 1,83,247 | 7,882 |
| एकूण शुल्क | 2,49,615 | 2,60,834 | 11,219 |

मागणी 15,460 ची होती, देणे 11,219 निघाले. हा तक्ता पत्रातच असता तर ते लिहिणाऱ्यालाच सरचार्जच्या ओळीत चार हजार रुपये दिसले असते आणि तिथेच शंका आली असती, कारण 3,000 रुपयांच्या ड्युटीवर 4,000 रुपये सरचार्ज होऊच शकत नाही. नुसत्या एकूण आकड्यात ही गोष्ट दडून राहते. कारखानदार मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो, कारण पंधरा हजारांसाठी वकील करणे परवडत नाही.

सगळ्याच चुका अशा भागाकारातून सापडतात असे नाही, पण बऱ्याच सापडतात. काही जुन्या एक्सेल फायलींत सीआयएफवर, म्हणजे एफओबी, भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर, एक टक्का लँडिंग चार्ज अजून बसलेला असतो. तो सप्टेंबर 2017 च्या अधिसूचनेने गेला. असेसेबल व्हॅल्यूला सीआयएफने भागून 1.01 आले की समजायचे. अँटी-डम्पिंग ड्युटी असलेल्या मालात सरचार्ज तिच्यावर लागत नाही, पण आयजीएसटीच्या पायात ती येते. एकाच थराला एका ठिकाणी वगळायचे आणि दुसऱ्या ठिकाणी धरायचे असते, आणि नेमक्या इथेच हाताने केलेले हिशोब घसरतात.

आयातदारांचीही एक समजूत इथेच सांगायला हवी, कारण तीही टप्पे न दिसल्यामुळेच टिकून आहे. मुक्त व्यापार कराराखाली आणलेल्या मालाचे उगम प्रमाणपत्र पुढे नाकारले गेले, तर आपल्याला फक्त साडेसात टक्के भरावे लागतील असे बहुतेकांना वाटते. बेसिक ड्युटी शून्य होती तेव्हा सरचार्जही शून्य होता आणि आयजीएसटी फक्त मूल्यावर लागला होता. सवलत गेली की तिन्ही परत येतात: 7.5, त्यावर 0.75, आणि या 8.25 वर 18 टक्के म्हणजे 1.485. एकूण 9.735 टक्के. नऊ लाखांच्या मालावर 67,500 नाही, 87,615 रुपये. कारखानदार मालाचा भाव ठरवताना ही जोखीम मोजतो, आणि ती मोजताना तो वीस हजारांनी चुकतो. त्या वीस हजारांतले 13,365 रुपये आयजीएसटीचे आहेत आणि त्यांचे क्रेडिट मिळाले तर त्याचे फारसे बिघडत नाही. पण ते मिळते का, हाच माझा दुसरा मुद्दा आहे.

वरच्या प्रकरणातल्या 11,219 रुपयांपैकी कारखान्याचा खरा खर्च बेसिक ड्युटी आणि सरचार्ज, म्हणजे 3,337 रुपये. उरलेले 7,882 आयजीएसटीचे. नोंदणी असलेल्या आणि करपात्र माल बनवणाऱ्या कारखान्याला त्यांचे क्रेडिट मिळायला हवे. माल येताना भरलेल्या 1,75,365 चे मिळालेच होते. बिल ऑफ एंट्रीची माहिती आपल्या प्रणालीतून जीएसटी पोर्टलवर गेली आणि जीएसटीआर-2बी मध्ये आपोआप दिसली. फरकाची रक्कम मात्र चलनाने एकरकमी भरली गेली. चलनावर बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक शेऱ्यात लिहिला होता. पण मूळ बिल ऑफ एंट्री प्रणालीत जशी होती तशीच राहिली. पोर्टलवर 7,882 रुपये कधी उगवलेच नाहीत. सीजीएसटी नियमांतला नियम 36 क्रेडिटसाठी बिल ऑफ एंट्री किंवा सीमाशुल्क कायद्याखालचा तत्सम दस्तऐवज मागतो. चलन हा तसा दस्तऐवज आहे की नाही, यावर जीएसटीचा अधिकारी एक बोलतो आणि आमचा सल्लागार दुसरे. लहान कारखानदार अशा वेळी क्रेडिट सोडून देतो. फरकाच्या शुल्कात सत्तर टक्के वाटा असलेली ही रक्कम अशी खर्चात जमा होते. अठरा टक्के आयजीएसटी आणि साडेसात टक्के बेसिक ड्युटी असलेल्या कुठल्याही मालात हे प्रमाण असेच पडते, इथे ते योगायोगाने आलेले नाही.

यावर उपाय नाही असे आपण म्हणू शकणार नाही, कारण तो आपणच एकदा केलेला आहे. आगाऊ परवान्याखालच्या आयातीत 'प्री-इम्पोर्ट' अटीवरून सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा निकाल आला, तेव्हा मंडळाने 7 जून 2023 रोजी परिपत्रक क्रमांक 16/2023 काढले. आयातदाराने मूल्यांकन गटाकडे जायचे, गटाने जुना आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडण्याचा आदेश, रद्द करून बिल ऑफ एंट्री प्रणालीत पुन्हा असेस करायची, प्रणालीतूनच निघालेल्या इलेक्ट्रॉनिक चलनावर कर भरायचा, आणि नंतर नाममात्र आउट ऑफ चार्ज देऊन आयजीएसटीची रक्कम भरणा तारखेसह जीएसटी पोर्टलकडे पाठवायची. व्यवस्था नेमकी होती. मात्र ती त्या एका निकालातल्या आयातींपुरतीच ठेवली गेली.

2025 च्या वित्त कायद्याने कलम 18अ आणले, ज्यात माल सुटल्यावरही आयातदाराला स्वतःहून नोंद सुधारता येते. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण ऑडिट सुरू झाल्याचे कळवले गेले की हे दार बंद होते. म्हणजे जो स्वतःहून येईल त्याची नोंद सुधारेल, आणि ज्याला आपले पत्र आधी पोचले त्याची नाही. फसवणूक किंवा माहिती दडवणे सिद्ध झालेल्या मागणीच्या क्रेडिटबद्दल माझे काही म्हणणे नाही. एक्स-वर्क्स आणि एफओबीच्या गोंधळात सापडलेला, चूक मान्य करून कलम 28 खाली व्याजासह पैसे भरणारा कारखानदार त्या पंक्तीत बसत नाही. त्याच्या पैशाला बिल ऑफ एंट्रीवर जागा मिळाली पाहिजे.

व्याजाचेही तसेच. कलम 28अअ प्रमाणे दर वर्षाला 15 टक्के, ज्या महिन्यात शुल्क भरायला हवे होते त्याच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. पत्रात ते एकूण रकमेवर एका ओळीत काढलेले असते. पण 16 ऑगस्ट 2024 च्या आधीच्या आयातीत, सीमाशुल्क दर कायद्याच्या कलम 3 खालच्या करावर व्याज लागू होते का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने महिंद्र अँड महिंद्रच्या 2022 च्या निकालात आयातदाराच्या बाजूने सोडवला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. त्यानंतरच 2024 मध्ये कलम 3 चे पोटकलम 12 दुरुस्त झाले. आयजीएसटी याच कलम 3 खाली लागतो. आपली भूमिका काहीही असो, 3,337 वरचे व्याज आणि 7,882 वरचे व्याज वेगळे दाखवले तरच आयातदाराला ठरवता येईल की कशावर भरायचे आणि कशावर म्हणणे मांडायचे. एका वर्षाचे पहिले 501 रुपये होते आणि दुसरे 1,182.

म्हणून माझ्या विनंत्या तीन आहेत. एक, ऑडिटचे पत्र, नोटिशीपूर्व सल्लामसलतीचे पत्र किंवा कलम 28 ची नोटीस, यांपैकी काहीही असो, वरच्यासारखा चार रकान्यांचा तक्ता सक्तीचा करावा, आणि तो कुणाच्या वैयक्तिक एक्सेलमधून न काढता प्रणालीतून काढावा. बिल ऑफ एंट्रीवर आपली प्रणाली प्रत्येक शुल्क वेगळे दाखवतेच. एफओबी, भाडे, विमा आणि दर बदलून तीच आकडेमोड पुन्हा चालवायची आहे. दोन, आयातदाराने फरक मान्य करून भरला, आणि फसवणुकीचा आरोप नसेल, तर 16/2023 ची पद्धत सर्व प्रकरणांना लागू करावी, म्हणजे आयजीएसटी पोर्टलवर जाईल. तीन, व्याज शुल्कप्रकारानुसार वेगळे दाखवावे.

या तिन्हींतून सरकारचा हक्काचा एक रुपयाही कमी होत नाही. आमच्या प्रकरणात तक्ता मांडल्यावर साडेचारशे रुपयांचा विमा सरकारच्या बाजूने निघाला आणि त्यावरचे शुल्क कारखान्याने भरले. तुमच्याकडून दुसरे परिपत्रक येईपर्यंत मी माझ्या सगळ्या कारखानदारांना सांगून ठेवले आहे: पत्र आले की आधी मागणीला मूल्याच्या फरकाने भागा, आणि 27.735 सोडून दुसरे काही आले तर भरण्याआधी लेखी टप्पे मागा. दर वेगळे असतील तर तो आकडा वेगळा येईल, तो स्वतःच्या मालाच्या दरांवरून आधीच काढून भिंतीवर लावून ठेवा.

सध्या माझ्याकडे अशी आणखी पत्रे आहेत, ज्यांत नुसता एकूण आकडा आहे. मंडळाला हवी असतील तर आयातदारांच्या परवानगीने, त्यांची नावे झाकून, मी ती फेरहिशोबासह पाठवीन.

आपला,
आयातीचे हिशोब पाहणारा एक लेखापाल
भोसरी, पुणे